संत्र्याचा पांढरा भाग

संत्रं सोललं की आपली बोटं आपोआप फोडींवरच्या पांढऱ्या रेषा ओढू लागतात. मुलांना फोड द्यायची तर ती अगदी स्वच्छ करूनच! खरं तर तो पांढरा भाग बिनधास्त खाता येतो. फोडींवरचे धागे म्हणजे फळाच्या शिरा आहेत. झाडाकडून येणारं पाणी आणि साखर त्यांच्यातूनच फोडींपर्यंत पोचते. सालीच्या आतला मऊ थर मात्र वेगळा. त्याच्या पेशींच्या मधल्या पोकळ्यांत भरपूर हवा असते आणि त्या पोकळ्यांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो. पाण्यात उकळला की हवा निघून जाते आणि पांढरेपणही जातं. उरतो तो जवळजवळ पारदर्शक तुकडा.

आता आहारातल्या तंतूंचं. गरात १०० ग्रॅममागे जेमतेम अडीच ग्रॅम तंतू असतात, तर अख्ख्या सालीत सुमारे १० ग्रॅम. या तंतूंचा मोठा भाग म्हणजे पेक्टिन, आणि ते घरीही पाहता येतं. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, त्यामुळे त्यात पांढरा भाग कमी. यासाठी जाड सालीची मोसंबी घ्यावी. तिचा पांढरा भाग चिरून, बुडेल इतक्या पाण्यात लिंबू पिळून अर्धा-पाऊण तास मंद आचेवर उकळायचा आणि कपड्यातून गाळायचा. गार झालेल्या बुळबुळीत पाण्याचा एक चमचा तेवढ्याच सर्जिकल स्पिरिटमध्ये ओतून हलकेच फिरवला की क्षणात जेलीसारखी गाठ जमते. ही गाठ खायची नाही, टाकून द्यायची. नुसतेच विरळ तुकडे दिसले, तर पेक्टिन कमी उतरलं असं समजावं आणि पाणी आणखी आटवून पुन्हा पाहावं. मार्मालेड घट्ट होतं ते याच पेक्टिनमुळे.

पोटातही पेक्टिन पाणी धरून ठेवतं. आपले पाचकरस त्याला तोडू शकत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र त्यावर ताव मारतात. पण हिशेब सरळ ठेवावा: एका संत्र्यावरचे धागे भरतात मोजके ग्रॅम, म्हणजे त्यांतून मिळणारे तंतू ग्रॅमभरही नाहीत. रस गाळून पिण्यापेक्षा फोडी पापुद्र्यासकट चावून खाण्यात जास्त फायदा आहे.

मग कडूपणा? धागे तोंडात टाकले तर फारसे कडू लागत नाहीत. पापुद्र्यात, पांढऱ्या भागात आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं. फळ पिळलं की ते आंबट रसात मिसळतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन या कडू पदार्थात रूपांतर होतं. मोसंबीचा रस काढल्याबरोबर गोड लागतो आणि काही तासांनी कडवट, तो यामुळेच.