सायलेन्सर बदलला, मग इंजिनाचं काय?

पुण्यात आणि नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याची दृश्यं आता नवी राहिलेली नाहीत. त्यांतले बरेच बुलेटचे असतात. मूळ सायलेन्सर काढून ‘इंदोरी’ किंवा ‘पंजाबी’ बसवायला मेकॅनिकला थोडाच वेळ लागतो. इंजिनाच्या आत काय बदललं, याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

मूळ सायलेन्सरच्या आतल्या कप्प्यांतून आणि नळ्यांतून फिरताना धुराचा जोर कमी होतो. बाजारातल्या मोकळ्या सायलेन्सरमध्ये हा अडथळा फारच थोडा असतो, त्यामुळे धूर लवकर बाहेर पडतो आणि इंजिन थोडी जास्त हवा ओढू शकतं. पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच मिळत राहिलं तर मिश्रण पातळ होतं. एक भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचं गणित आहे. ते बिघडून इंजिन जास्त तापू लागतं.

जुन्या कार्ब्युरेटरच्या बुलेटमध्ये हे चटकन ओळखता येतं. अॅक्सिलरेटर सोडला की पाइपातून फटाके फुटतात, आणि प्लग काढून पाहिला तर त्याचं टोक तपकिरीऐवजी पांढरट दिसतं. उपाय म्हणजे मोठा मेन जेट घालून मिश्रणाचा स्क्रू पुन्हा लावणे. सोबत एअर फिल्टरही बदलला असेल, तर जेट आणखी मोठा लागतो.

बीएस-6 गाडीत जेट नाही. तिथे ईसीयू पेट्रोल मोजतो. एकसारख्या वेगात ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने तो लहानसहान फरक सांभाळून घेतो. पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर मात्र तो आधीच भरलेल्या कोष्टकावर चालतो, आणि ते कोष्टक मूळ सायलेन्सरसाठी बनवलेलं असतं. बेंड पाइपचा जोड नीट बसला नाही, तर बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोचते. पेट्रोल कमी पडतंय असं समजून ईसीयू ते वाढवतो आणि मायलेज घसरतं. ज्यांच्या पाइपातच कॅटलिटिक कन्व्हर्टर असतो, त्या गाड्यांचा पाइप बदलला की प्रदूषण रोखणारा भागही जातो. कितीही रीमॅप केलं तरी तो परत येत नाही.

ट्यूनिंग अचूक जमलं, तरी कायद्यापुढे त्याचा उपयोग होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ रचनेत असा फेरफार करू देत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाचं मानक मोडल्याबद्दल कलम 190(2) वेगळं लागतं. पहिल्या गुन्ह्याला दंड 10,000 रुपयांपर्यंत आहे. ‘डीबी किलर’ आवाज थोडा दाबतो, पण स्क्रू काढला की तो हातात येतो.

मूळ सायलेन्सर परत बसवताना जोडाचं गॅस्केट नवं घ्यावं लागतं. मोठा जेट तसाच राहिला तर प्लग काळा पडतो आणि गाडी जास्त पेट्रोल खाते.