वायरिंगचा पॉइंट कितीला पडतो?

घराचे प्लास्टर सुरू व्हायच्या आधी मालक वायरमनला विचारतो, ‘पॉइंटचा रेट काय?’ वायरमन आकडा सांगतो. मालक आणखी दोघांना विचारतो आणि ज्याचा आकडा कमी, त्याला काम देतो. तिघांच्या आकड्यांत दीड-दोनशे रुपयांचा फरक असतो खरा, पण तिघे एकाच कामाचा दर सांगत नसतात. एकाच्या दरात फक्त मजुरी असते. दुसऱ्याच्या दरात साहित्य असते, पण ‘मेन वेगळी’ असते. तिसरा सगळे धरून सांगतो आणि म्हणून महाग वाटतो. पॉइंट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरल्याशिवाय दराला अर्थ नाही.

लाइटचा किंवा पंख्याचा पॉइंट म्हणजे स्विचबोर्डातल्या बटणापासून त्या दिव्यापर्यंत किंवा पंख्यापर्यंतचे काम. त्यात पाइप, पाइपातल्या वायरी, बटण, वरचा होल्डर किंवा बॉक्स आणि मजुरी येते. स्विचबोर्डापर्यंत वीज आणणारी वायर मात्र या पॉइंटमध्ये येत नाही. ती डीबीतून, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीतून निघते आणि बोर्डापर्यंत जाते. कारागीर तिला ‘मेन’ किंवा ‘सर्किट’ म्हणतात. सरकारी बांधकामाच्या अंदाजपत्रकातही पॉइंट नगावर आणि सर्किटची वायर मीटरवर मोजतात. घरगुती कामात ही विभागणी कुणी बोलून दाखवत नाही, आणि भांडण नेमके तिथेच होते.

एक साधा लाइट पॉइंट उलगडून पाहू. पुढचे दर हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. तांब्याचा भाव आणि तुमचे गाव यांप्रमाणे ते बदलतील. तुमच्या दुकानातला दर घालून हाच हिशेब पुन्हा करता येईल.

बोर्ड जमिनीपासून चार फुटांवर आहे. तिथून छतापर्यंत साधारण १.८ मीटर, छतातून दिव्यापर्यंत अडीच मीटर, आणि दोन्ही टोकांना जोडणीसाठी सोडलेली थोडी वायर, असे पाच मीटर धरू. वायरी तीन लागतात: बटणातून येणारी फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगची हिरवी. म्हणजे १५ मीटर वायर. लाइट-पंख्याला १ चौरस मिलिमीटरची वायर वापरतात. तिची ९० मीटरची कॉइल १,५३० रुपयांना मिळाली, तर मीटरला १७ रुपये पडतात आणि वायरीचे २५५ रुपये होतात. पाइप २० रुपये मीटरने शंभराचा. बेंड, छतातला बॉक्स, होल्डर असे किरकोळ साहित्य ७० चे. मॉड्युलर बटण ६० चे. बोर्डाची पेटी आणि प्लेट सहा पॉइंटमध्ये वाटली, तर या पॉइंटच्या वाट्याला ६० येतात. साहित्य झाले ५४५ रुपयांचे. मजुरी २५० धरली की पॉइंट ७९५ रुपयांना पडला.

आता त्या बोर्डाची मेन. डीबी दारापाशी आहे आणि बोर्ड तिथून १२ मीटरवर आहे. इथे दीडची वायर लागते, तीन वायरी मिळून ३६ मीटर. मीटरला २५ रुपयांनी ९००, पाइपाचे २४० आणि मजुरी ३६०, असे पंधराशे रुपये झाले. त्या बोर्डावर सहा पॉइंट असतील, तर प्रत्येकावर २५० चा भार आला. आपला ७९५ चा पॉइंट खरा १,०४५ चा आहे.

एक बेडरूम-हॉल-किचनचा फ्लॅट घेऊ. त्यात चार बोर्ड आणि लाइट-पंख्याचे मिळून २४ पॉइंट आहेत. पहिला वायरमन ‘साडेआठशे, मटेरियलसहित’ म्हणतो, पण मेन वेगळी. दुसरा मेनसह १,०५० सांगतो. पहिल्याचे २४ पॉइंटचे २०,४०० झाले, त्यात चार बोर्डांच्या मेनचे ६,००० मिळवले की २६,४००. दुसऱ्याचे एकूण २५,२०० होतात. पॉइंटमागे दोनशेने स्वस्त वाटलेला वायरमन शेवटी बाराशेने महाग पडला. यात पहिल्याने फसवले असेही म्हणता येत नाही. मेन वेगळी, हे त्याने सांगितले होते. ऐकणाऱ्याने त्या दोन शब्दांची किंमत काढली नव्हती.

एसी आणि गीझरचा पॉइंट याच दरात मागणे चूक आहे. ती वायर बोर्डातून फाटा काढून घ्यायची नसते, डीबीतून स्वतंत्र आणायची असते, आणि इथे सहसा चारची वायर घालतात. तेच १२ मीटरचे अंतर धरले तर तीन वायरींचे ३६ मीटर, ६४ रुपयांनी २,३०४ रुपये. पाइप २४०, बेंड वगैरे ६०, १६ अँपिअरचा सॉकेट आणि बटण ३००, पेटी-प्लेट १५०, मजुरी ४५०. बेरीज ३,५०४. लाइट पॉइंटच्या चौपटीहून जास्त, आणि त्यातले दोनतृतीयांश पैसे नुसत्या वायरीचे. डीबी सहा मीटरवर असती, तर वायर आणि पाइप मिळून १,२७२ रुपये एका पॉइंटमागे वाचले असते. म्हणून बाथरूम, स्वयंपाकघर आणि एसीची खोली यांच्या मध्ये कुठे डीबी बसते का, हे नकाशावरच पाहावे. बटणांच्या ब्रँडवर घासाघीस करून एवढे पैसे सुटत नाहीत.

मधले काही प्रकार आहेत, त्यांचे आधीच ठरवून घ्यावे. बोर्डातच बटणांशेजारी बसवलेल्या प्लगला पाइप लागत नाही, हातभर वायर पुरते. कुणी तो अर्धा पॉइंट धरतो, कुणी पूर्ण. अर्धा धरणे रास्त आहे. जिन्याच्या किंवा पलंगाजवळच्या टू-वे दिव्याला दोन ठिकाणी बटणे आणि दोघांमध्ये जादा वायरी लागतात, तो एका पॉइंटच्या दरात होत नाही. झिरी मारलेली भिंत बुजवायची कुणी, हाही प्रश्न राहतो. वायरमन म्हणतो गवंड्याचे काम, गवंडी म्हणतो माझ्या अंगावर नव्हते.

दर खाली आणण्याचा दबाव आला की काम कुठे कापले जाते, हे ओळखता आले पाहिजे. पहिली कात्री सर्किटांच्या संख्येला लागते. लाइट, पंखे आणि छोटे प्लग यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॉटपेक्षा जास्त भार नको, आणि १६ अँपिअरचे दोनपेक्षा जास्त सॉकेट एका सर्किटवर नकोत, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे. दोन बोर्डांची मेन एकच केली की वायर, पाइप, एमसीबी, सगळेच वाचते. पुढे मिक्सर, इस्त्री आणि ओव्हन एकाच वायरीवर येतात आणि उन्हाळ्यात एमसीबी पडू लागतो. मग कुणीतरी मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवून देतो. धोका खरा तिथून सुरू होतो, कारण एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो आणि आता वायर त्याच्या आधी तापते.

दुसरी कात्री अर्थिंगच्या हिरव्या वायरीला लागते. ती नसली तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, गीझर पाणी तापवतो, म्हणून घरमालकाला कळतच नाही. आमच्या उदाहरणात एका लाइट पॉइंटला पाच मीटर हिरवी वायर म्हणजे ८५ रुपये. एसी-गीझरच्या पॉइंटला ती ७६८ रुपयांची होते. कापणाऱ्याला हा मोह मोठा आहे. पण गीझरची कॉइल फुटून त्याच्या धातूच्या अंगात करंट उतरला, तर तो निघून जायला हीच वाट असते. डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, आणि त्याच्या जोडीला ही वायरही हवीच. डीबीची पेटी, आरसीसीबी आणि एमसीबी यांचे सहा-सात हजार वेगळे धरावे. पॉइंटच्या दरात ते सहसा नसतात.

तिसरी गोष्ट वायरीच्या मालाची. वायरीची किंमत मुख्यतः तांब्याची असते. १ चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर कॉइलमध्ये साधारण ८०० ग्रॅम तांबे असायला हवे आणि चारच्या कॉइलमध्ये सव्वातीन किलोच्या आसपास. त्या दिवशीच्या तांब्याच्या भावाने एवढ्या तांब्याची जी किंमत होते, तिच्याही खाली कुणी कॉइल देत असेल, तर तांबे कमी आहे किंवा लांबी कमी आहे. वायरीच्या अंगावर आयएसआयची खूण, आयएस ६९४ हा क्रमांक आणि वायरीची जाडी छापलेली असते, ती वाचावी.

‘मटेरियल तुमचे, मजुरी माझी’ असे ठरले असेल, तर कॉइली मोजून आणाव्या. आपल्या फ्लॅटच्या २४ पॉइंटना १५ मीटरप्रमाणे ३६० मीटर वायर होते, म्हणजे चार कॉइली. पण रंग तीन आहेत आणि प्रत्येकाला १२० मीटर लागते, म्हणून दुकानदार सहा कॉइली घ्यायला सांगतो आणि १८० मीटर वायर माळ्यावर पडते. प्रत्यक्षात शेजारच्या पॉइंटना न्यूट्रल आणि अर्थिंग सामाईक जोडले जातात, त्यामुळे ३६० पेक्षा काहीशी कमीच लागते. प्रत्येक रंगाची एकेक कॉइल घ्यावी, उरलेली मीटरवर सुटी मिळते का विचारावे, किंवा न फोडलेली कॉइल परत घेण्याचे बिल करतानाच ठरवून घ्यावे. रिकामे खोके वायरमनकडून मागून ठेवावे, म्हणजे किती माल भिंतीत गेला ते कळते.

पैसे टप्प्याने द्यावे. पाइप आणि पेट्या बसल्या की एक हप्ता, वायर ओढून झाली की दुसरा, बटणे बसून सगळे चालू झाले की तिसरा. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, शेजारी मोजपट्टी लावून. पुढे खिळा मारताना पाइप कुठे आहे ते दिसेल. काम लायसन्सधारक ठेकेदाराकडेच असावे. नव्या जोडणीसाठी महावितरणला त्याचाच टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि सही एकाची, काम दुसऱ्याचे, असे होऊ देऊ नये.

शेवटचा हप्ता देण्याआधी वायरमनला मेन बंद करायला सांगा आणि एसीचा किंवा गीझरचा सॉकेट त्याच्याकडूनच उघडून घ्या. मागे तीन वायरी दिसल्या पाहिजेत, एक हिरवी, आणि तिन्हींवर ४ चौरस मिलिमीटर छापलेले. मग मेन चालू करून आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा, तो लगेच पडला पाहिजे. यातले एकही जमले नाही, तर ते दुरुस्त होईपर्यंत पैसे हातचे सोडू नका.