वीज गेली की कीबोर्डचा दिवाही जातो

भाचीचा फोन आला तेव्हा तिच्याकडे लाइट गेले होते. "मामा, कीबोर्डचा दिवा बिघडलाय. बटण दाबलं की उजळतो आणि लगेच विझतो. दुपारी तर छान पेटत होता." दुकानदाराने फोनवरच कीबोर्ड बदलायचा सल्ला देऊन टाकला होता. मी एवढंच विचारलं, "दुपारी चार्जर लावला होतास का?" लावला होता.

तिच्या लॅपटॉपमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. किती वेळ बटण दाबलं नाही की दिवा विझवायचा, याची वेळ अनेक लॅपटॉपमध्ये आधीच ठरवलेली असते. काहींत चार्जरवर एक आणि बॅटरीवर दुसरी, अशा दोन वेगळ्या वेळा ठेवता येतात. बॅटरीवरची वेळ पाच सेकंद असेल, तर अंधारात दिव्याची खरी गरज पडते नेमका तेव्हाच तो डोळे मिटतो. ही सोय विंडोजच्या सेटिंग्जमध्ये शोधून बहुधा सापडत नाही. ती असते BIOS मध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या त्या साध्या पडद्यावर. लॅपटॉप सुरू होताना डेलमध्ये F2 आणि एचपीमध्ये F10 दाबलं की तिथे पोहोचता येतं. भाचीला तिथे `Keyboard Backlight Timeout on Battery` ही ओळ सापडली. तिने पाच सेकंदांचं एक मिनिट केलं आणि काम झालं.

दिवा अजिबातच पेटत नसेल, तर आधी बटणांवर नजर टाका. किरणं फुटलेल्या कीबोर्डचं चित्र एखाद्या बटणावर असतं. बहुधा वरच्या ओळीत, थिंकपॅडमध्ये स्पेसबारवर. ते बटण नुसतं किंवा Fn सोबत दाबायचं असतं. कुठेच चित्र नसेल, तर तुमच्या कीबोर्डला दिवा नसण्याचीच शक्यता जास्त. एकच मॉडेल दिव्यासह आणि दिव्याविना, दोन्ही प्रकारे विकलं जातं आणि खरेदीच्या वेळी हे कुणी आवर्जून सांगत नाही.

चित्र आहे, पण दिवा नाही? मग BIOS उघडा आणि तिथेच ते बटण दाबा. साध्या, एकरंगी दिव्याचा कारभार बहुधा मदरबोर्डवरची एक छोटी चिप पाहते, त्याला विंडोज लागत नाही. दिवा तिथे पेटला, तर दोष विंडोजमधल्या ड्रायव्हरचा किंवा कंपनीच्या ॲपचा. तिथेही नाही पेटला, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. ती चिप अडकली असेल, तर बऱ्याचदा एवढ्याने सुटते.

रंगीत दिव्यांचं, म्हणजे RGB चं, प्रकरण वेगळं. त्यांचे रंग सॉफ्टवेअर ठरवतं, त्यामुळे वरची परीक्षा तिथे पक्की मानता येत नाही. 2023 पासून विंडोज 11 मध्ये `Dynamic Lighting` आलं. कंपनीचं ॲप आणि विंडोज असे दोन मालक एकाच दिव्याच्या मागे लागले की रंग अडकतात किंवा दिवे विझतात. `Personalization` मध्ये जाऊन यांपैकी एकाला गप्प बसवावं. आणि हो, रंग काळा निवडलेला नाही ना, तेही बघा. RGB मध्ये काळा म्हणजे विझलेला.

आता बॅटरीचं. समजा, बॅटरी 50 वॉट-तासांची आहे आणि हलक्या कामाला लॅपटॉप 7 वॉट खातो. म्हणजे सात तासांच्या थोडं वर चालेल. साध्या दिव्याने त्यात अर्धा वॉट घातला, तर 6 तास 40 मिनिटं. अर्धा तास गेला, पण दिवा सलग पेटता ठेवला तरच. ती पाच सेकंदांची कंजुषी येते ती यातूनच. प्रत्येक बटणाखाली वेगळा रंगीत दिवा असेल, तर खर्च बराच वाढतो. त्यातही पांढरा रंग महाग, कारण त्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तिन्ही दिवे पेटतात. नुसत्या लालला एकच पुरतो. तरीही बॅटरी वाचवायची असेल, तर आधी पडद्याचा उजेड कमी करावा, असं माझं मत.

स्वतः मोजायचं असेल, तर एक तास दिवा लावून आणि एक तास विझवून, दोन्ही वेळा बॅटरीवर, तेच काम करा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

तयार होणाऱ्या अहवालात `Recent usage` खाली उरलेली बॅटरी mWh मध्ये दिसते. दोन्ही तासांची घट ताडून पाहा.

राहिला खरा बिघाड. पाणी सांडणं हे एक कारण. दुसरं अधिक चीड आणणारं. कीबोर्ड बदलल्यावर दिव्याची वेगळी, बारीक पट्टी जोडायची राहून जाते, किंवा बिनदिव्याचाच कीबोर्ड बसवला जातो. तेव्हा कीबोर्ड बदलून घेतलात, तर पैसे देण्याआधी दुकानातच चार्जर काढून दिवा पेटवून बघा.