उपवासाच्या दिवशीची गोळी

एकादशी आहे. सासष्ट वर्षांच्या आजींनी सकाळी नेहमीप्रमाणे मधुमेहाची गोळी घेतली, मात्र पोटात गेला तो नुसता बिनसाखरेचा चहा. अकराच्या सुमारास त्यांचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला, छाती धडधडू लागली. सुनेला वाटलं, उपवासाचा थकवा असेल. मग आजी विनाकारण चिडल्या, बोलताना शब्द अडखळू लागले. एव्हाना मेंदूलाही साखर कमी पडू लागली होती. ग्लुकोमीटरने आकडा दाखवला ५८. सत्तरच्या खाली गेलं की उपचार लगेच करायचे. मीटर हाताशी नसेल, तर तो शोधत बसू नये.

त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधं एकत्र होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा उतरत नाही.

घरच्यांनी पेढा पुढे केला. पेढ्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, चॉकलेटचंही तेच. एरवी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली की काम होतं. इथे तेही भरवशाचं नाही, कारण व्होग्लिबोज आतड्यातल्या साखर फोडणाऱ्या विकरांनाच अडवतं. साध्या साखरेचं ग्लुकोज व्हायला वेळ लागतो. म्हणून अशा रुग्णाच्या घरी केमिस्टकडची ग्लुकोज पावडर हवीच. ती फोडावी लागत नाही. डॉक्टर हे क्वचितच आवर्जून सांगतात, खरं तर चिठ्ठीवरच लिहायला हवं.

सुनेने साधारण १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पावडर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा ६६. घाबरून अर्धा डबा रिता न करता तिने तेवढीच मात्रा पुन्हा दिली. आणखी पंधरा मिनिटांनी ९२. मग उपवास सोडून पोळी-भाजी. हे खाणं टाळलं, तर साखर पुन्हा उतरते.

आजी शुद्धीत होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून हे जमलं. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी, साखर, मध काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवून १०८ला फोन करावा. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज देतात.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असलेल्यांना थरथर आणि धडधड जाणवेलच असं नाही, घाम मात्र येतो. त्यांच्या बाबतीत अचानक आलेल्या घामालाच इशारा मानावं.

ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ टिकतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी जास्त. म्हणून आजींची साखर त्या दिवशी आणि रात्रीही अधूनमधून तपासावी लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळे आकडे दाखवून उपवासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी घ्यायची, हे त्यांनी लिहून घेतलं.