कोपऱ्याला कोपरा लागला, तर शेजारी म्हणायचं का?

छापील पान स्कॅन केलं, की अक्षरं ओळखण्याआधी संगणक त्याचं काळं-पांढरं करून घेतो. शाई असेल तिथे १, कोरा कागद असेल तिथे ०. मग त्याला शोधायचं असतं, की या पानावर शाईचे सुटे तुकडे किती आणि कोणता पिक्सेल कोणत्या तुकड्यातला. आपल्याला ते नुसतं पाहून कळतं. संगणक मात्र एकेक पिक्सेल तपासत जातो, म्हणून ‘शेजारी’ कोणाला म्हणायचं हे त्याला आधी सांगावं लागतं.

इथे दोन पर्याय आहेत. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चारच शेजारी मानायचे किंवा तिरके चार धरून आठ. हा फरक किती मोठा ठरतो ते या छोट्या जाळीवर पाहू.

```
१ ० १ ० ० १
१ ० १ ० १ ०
१ १ १ ० ० ०
० ० ० १ ० ०
० ० ० १ १ ०
```

आधी चार शेजाऱ्यांचा नियम घेऊ. वाचताना जातो तसंच वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे जायचं. प्रत्येक १ पाशी थांबून फक्त वरचा आणि डावीकडचा पिक्सेल पाहायचा, कारण बाकीचे दोन अजून यायचे असतात. त्यांच्यापैकी कोणाला क्रमांक मिळालेला असेल तर तोच पुढे चालवायचा, नाहीतर नवा द्यायचा.

पहिल्या ओळीतले तिन्ही १ एकमेकांपासून लांब आहेत, त्यांना क्रमांक १, २, ३ मिळतात. दुसऱ्या ओळीतले पहिले दोन आपल्या वरच्याचे क्रमांक घेतात. पाचव्या स्तंभातल्या १ च्या वर आणि डावीकडे शून्यच आहे, त्याला नवा क्रमांक ४. तिसऱ्या ओळीत खरी गंमत आहे. तिथला तिसरा १ डावीकडे पाहतो तर क्रमांक १, वर पाहतो तर क्रमांक २. म्हणजे वेगळे वाटलेले दोन उभे खांब खाली जोडलेले आहेत! अशा वेळी लहान क्रमांक घ्यायचा आणि ‘१ व २ एकच’ अशी नोंद करून ठेवायची. चौथ्या ओळीतला १ नवा क्रमांक ५ घेतो आणि शेवटच्या ओळीतले दोघे तोच चालवतात.

मग दुसरी फेरी. नोंदवही पाहून प्रत्येक २ च्या जागी १ लिहायचा. उरतात चार तुकडे, अनुक्रमे ७, १, १ आणि ३ पिक्सेलांचे. दोन फेऱ्यांची ही पद्धत रोझेनफेल्ड आणि फाल्ट्झ यांनी १९६६ मध्ये मांडली. नोंदवही झटपट चाळण्याच्या युक्त्या नंतर सुधारल्या, पण गाभा आजही हाच आहे.

आता आठ शेजारी. प्रत्येक १ पाशी डावा, वरचा आणि वरचे दोन्ही तिरके असे चार पिक्सेल पाहायचे. दुसऱ्या ओळीतल्या पाचव्या स्तंभातल्या १ ला वर-उजवीकडे क्रमांक ३ भेटतो, म्हणून तो नवा क्रमांक घेत नाही. चौथ्या ओळीतल्या १ ला वर-डावीकडे मोठ्या तुकड्याचा कोपरा भेटतो आणि खालचा अख्खा तुकडा त्याला जोडला जातो. उरतात फक्त दोन तुकडे, १० आणि २ पिक्सेलांचे. चित्र तेच, उत्तर निम्मं.

मग बरोबर कोणतं? दोन्ही, पण एक पथ्य पाळावं लागतं. हे चित्र पाहा:

```
० १ ०
१ ० १
० १ ०
```

आठच्या नियमाने हे चार १ मिळून एक बंद कडं होतं. पण शून्यांनाही आठचाच नियम लावला, तर मधलं शून्य तिरकं निसटून बाहेरच्या शून्यांना मिळतं. कडं बंद आहे आणि आतबाहेर मात्र एकच! उलट सगळ्यांना चारचा नियम लावला, तर कडं चार ठिकाणी तुटलेलं, तरीही मधलं शून्य कोंडलेलंच. म्हणून शाईला आठ तर कागदाला चार, शाईला चार तर कागदाला आठ. अक्षरातली पोकळी मोजताना हे विसरलं, तर ‘व’ चं पोट नाहीसं होऊ शकतं.

सॉफ्टवेअरमध्ये हा निर्णय बहुधा न विचारता घेतला जातो. पायथनमध्ये `scipy.ndimage.label` काही न सांगता चारचा नियम धरतं, तर `cv2.connectedComponents` आठचा. शिवाय दुसरं कागदालाही एक क्रमांक मानून मोजतं. म्हणून आपल्या पहिल्या जाळीवर पहिलं ४ सांगेल, दुसरं ३. एकच चित्र दोन्ही नियमांनी मोजून पाहावं. आकडे फार वेगळे आले, तर चित्रात एक पिक्सेल जाडीच्या तिरक्या रेघा किंवा कोपऱ्याला कोपरा लागलेले डाग भरपूर आहेत. रेघा असतील तर आठचा नियम त्यांना अखंड ठेवतो. डाग असतील तर चारचा नियम त्यांना अक्षरांपासून अलग ठेवतो.

देवनागरीत आणखी एक पेच आहे. ‘नांदेड’ नीट छापलेलं असेल, तर दोन्ही नियमांनी दोनच तुकडे मिळतात: शिरोरेषेने बांधलेला अख्खा शब्द आणि वरचा अनुस्वार. म्हणून अक्षरं सुटी करायची, तर आधी शिरोरेषा शोधून पुसतात आणि मग पुन्हा क्रमांक देतात. अनुस्वाराचा ठिपका मात्र धुळीच्या ठिपक्याएवढाच असतो. फार लहान तुकडे कचरा समजून काढून टाकायची नेहमीची पायरी इथे लावली, तर ‘नांदेड’चं ‘नादेड’ होतं. तो ठिपका शिरोरेषेच्या किती वर आणि कोणत्या अक्षराच्या डोक्यावर आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही.