जामिनाची सही करण्याआधी

दामोदर प्रसादने बँक ऑफ बिहारकडून कर्ज घेतले आणि ते थकवले. बँकेने त्याच्याबरोबर जामीनदारावरही दावा लावला. खालच्या न्यायालयाने सांगितले, आधी कर्जदाराकडून वसूल करा, मगच जामीनदाराकडे वळा. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ही अट रद्द केली. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, हमीपत्रात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

‘नुसती सही तर करायची आहे’ असे म्हणणाऱ्याने म्हणूनच हमीपत्र आणि कर्जाचे मंजुरीपत्र शेजारी ठेवून वाचावे.

समजा, मित्राच्या दुकानासाठी पतसंस्थेने पाच लाखांचे कर्ज वर्षाला १२ टक्के व्याजाने मंजूर केले आहे. हमीपत्रात मात्र ‘कर्जदाराची आजची व यापुढील सर्व येणी’ असे छापलेले आहे. कायद्याच्या भाषेत ही सातत्यपूर्ण हमी झाली. मित्राने पुढे दुसरे कर्ज काढले, तर त्याचीही वसुली याच कागदावर मागितली जाऊ शकते. हमी एकाच कर्जापुरती हवी असेल, तर त्या कर्जाचा खाते क्रमांक, मंजुरीची तारीख आणि रक्कम कागदावर लिहून घ्यावी.

रकमेचीही एक मेख आहे. ‘पाच लाख व त्यावरील व्याज, दंडव्याज आणि वसुलीखर्च’ असे लिहिले असेल, तर पाच लाख ही मर्यादा फक्त मुद्दलाची असते. दोन वर्षे एकही हप्ता आला नाही, तर सरळव्याजानेच आकडा सहा लाख वीस हजारांवर जातो; दंडव्याज आणि खर्च वेगळेच. मर्यादा हवी असेल तर ‘सर्व मिळून इतक्या रुपयांपर्यंत’ असे शब्द लागतात. अंकातली आणि अक्षरातली रक्कम जुळते का, तेही पाहावे.

कलम १३३ जामीनदाराच्या बाजूचे आहे. त्याला न विचारता मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो. पण बहुतेक छापील हमीपत्रांत ‘मुदत वा अटी बदलल्या तरी जामीनदाराची हरकत राहणार नाही’ असे एक वाक्य असतेच, आणि न्यायालयात सहसा ते जामीनदाराच्या विरोधात जाते. बारीक अक्षरातले हे वाक्य शोधून, ते वगळता येईल का, असे शाखेत स्पष्ट विचारावे.

सह्यांच्या बाबतीत सर्वात धोकादायक काय, तर मोकळ्या जागा. रक्कम, तारीख, कर्जदाराचे नाव कोरे असताना ‘नंतर भरू’ म्हटले जाते आणि सही होऊन जाते. नंतर काय भरले, हे सिद्ध करण्याचे ओझे मग जामीनदारावर येते. दोन जामीनदार असतील तर दोघांच्याही सह्या झाल्या आहेत ना, हे बघावे. ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या’ असे शब्द असतील, तर संस्था पूर्ण रक्कम एकाकडूनच मागू शकते. दुसऱ्याचा वाटा त्याने नंतर मागत बसायचे.

सही झाल्यावर भरलेल्या हमीपत्राची आणि मंजुरीपत्राची छायाप्रत लगेच मागून घ्या.