‘नो रिटर्न’ लिहून दुकान वाचत नाही

आता मंडळी, घरून कुर्ते, साड्या विकणाऱ्या कितीतरी जणींच्या पेजवर एक ओळ असते, ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज’. लिहिणारीला वाटतं, झालं, आपण सुरक्षित. पण 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत. म्हणजे मुदत न लिहून आपणच महिनाभराची टांगती तलवार ओढवून घेतो.

म्हणून नियम लिहिताना पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या करा. चूक आपली की मन गिऱ्हाइकाचं बदललं? कुर्ता फाटका निघाला, फोटोत निळा आणि पार्सलमध्ये हिरवा, तर चूक आपली. मग पूर्ण पैसे आणि जाण्यायेण्याचं कुरिअरही आपल्याकडे. तिथे ‘फक्त क्रेडिट नोट मिळेल’ असं लिहू नका, ते टिकत नाही.

माल चांगला आहे, पण साइज बसला नाही, ही दुसरी गोष्ट. इथे किती सवलत द्यायची ते बऱ्यापैकी आपल्या हातात असतं. हिशेब करून बघा. कुर्ता 850चा, आपल्याला पडला 600ला, सुटले 250. पहिलं कुरिअर 70 आपण भरलं, उरले 180. आता बदलून द्यायचा तर परत येण्याचे 70 आणि पुन्हा पाठवायचे 70. तेही आपणच भरले तर हातात 40 रुपये! म्हणून सरळ लिहा: ‘साइज बदलून हवा असल्यास पार्सल मिळाल्यापासून 3 दिवसांत कळवा. कुर्ता न वापरलेला, न धुतलेला, टॅगसकट हवा. दोन्ही वेळचं कुरिअर ग्राहकाकडे. बदल एकदाच.’ सोबत छातीचं माप इंचात द्या. नुसतं ‘एल’ लिहिलं की निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आता तो अनबॉक्सिंग व्हिडिओ. ‘व्हिडिओ नाही तर तक्रार नाही’ असं सगळे लिहितात. पण व्हिडिओ काढला नाही म्हणून फाटका कुर्ता काही शिवला जात नाही ना? (हशा) त्याऐवजी असं लिहा: ‘व्हिडिओ असेल तर निर्णय 2 दिवसांत, नसेल तर फोटो पाठवा, वस्तू परत आल्यावर तपासून 7 दिवसांत कळवू.’ आणि पॅक करताना आपलाही व्हिडिओ काढा, त्यात कुर्ता उलटसुलट दिसू दे आणि शेवटी पार्सलवरचा पत्ता. कोणी जुना कुर्ता परत पाठवला तर तोच कामाला येतो.

हे सगळं पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड पाठवता ना, त्याच्या वरच्याच मेसेजमध्ये टाका, आणि ‘ओके’ आल्यावरच कोड पाठवा.